बचत खात्यातली शिल्लक गृहकर्जाचं व्याज किती कमी करते?

अनेक नोकरदारांची एकाच बँकेत दोन खाती असतात. एक गृहकर्जाचं, त्यावर ते बँकेला आठ टक्क्यांच्या आसपास व्याज मोजतात. दुसरं बचतीचं, त्यावर बँक त्यांना अडीच-तीन टक्के देते. अडीअडचणीसाठी ठेवलेले तीन-चार लाख या दुसऱ्या खात्यात वर्षानुवर्षं पडून असतात. ते कर्जात भरून टाकावेत तर गरजेला हाताशी पैसा राहत नाही, आणि तसेच ठेवावेत तर त्याच बँकेकडून आपण आपलाच पैसा महागात उसना घेतल्यासारखं होतं. या पेचावर बँकांनी काढलेला तोडगा म्हणजे बचत खात्याशी जोडलेलं गृहकर्ज.

कल्पना सोपी आहे. दोन शेजारी एकमेकांचे पैसे देणं लागत असतील, तर ते वजाबाकी करून उरलेल्या रकमेपुरताच हिशेब धरतात. इथंही तसंच होतं. कर्जाची बाकी ४० लाख आणि जोडलेल्या खात्यात ४ लाख शिल्लक असेल, तर त्या दिवसाचं व्याज ३६ लाखांवर लागतं. खात्यातले ४ लाख तुमचेच राहतात. उद्या दवाखान्यासाठी दोन लाख काढले, तर उद्यापासून व्याज ३८ लाखांवर लागेल. मात्र या खात्यातल्या शिलकीवर बँक वेगळं व्याज देत नाही. कर्जावरचं व्याज वाचतं, तीच तुमची कमाई.

आपल्याकडे ही सोय दोन रूपांत मिळते. पहिल्या रूपात कर्जखातं आणि बचत किंवा चालू खातं वेगवेगळं असतं. बँकेची यंत्रणा रोज दोन्हींची वजाबाकी करते. बँक ऑफ बडोदाची ‘होम लोन अॅडव्हान्टेज’ ही या प्रकारची योजना. दुसऱ्या रूपात कर्जखातं हेच ओव्हरड्राफ्ट खातं असतं. त्याला चेकबुक आणि नेटबँकिंग मिळतं आणि जादा पैसा थेट त्यातच ठेवायचा असतो. स्टेट बँकेची ‘मॅक्सगेन’ ही यातली सर्वांत परिचित योजना. रूप कुठलंही असो, व्याजाचं गणित सारखंच आहे. पुढचं उदाहरण पहिल्या रूपाचं घेऊ.

एका महिन्याचा हिशेब

पुण्यातलं एक काल्पनिक जोडपं घ्या. कर्ज ४० लाखांचं, मुदत २० वर्षं, व्याजदर ८ टक्के. हप्ता ३३,४५८ रुपये येतो. हिशेबाच्या सोयीसाठी तो ३३,५०० धरू. जोडलेल्या खात्यात अडीअडचणीचे ३ लाख आधीपासून आहेत. महिना जूनचा, म्हणजे ३० दिवसांचा.

१ जूनला दोघांचे मिळून १,२०,००० रुपये पगार जमा झाले. खात्यात ४,२०,००० झाले आणि व्याज लागण्याजोगी रक्कम उरली ३५,८०,०००.

५ जूनला ३३,५०० चा हप्ता वळता झाला. खात्यात ३,८६,५०० राहिले, पण कर्जाची बाकीही तेवढ्यानंच घटून ३९,६६,५०० झाली. दोन्ही बाजू सारख्याच कमी झाल्यानं व्याज लागणारी रक्कम होती तीच राहिली, ३५,८०,०००. ही गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. व्याज रोजच्या बाकीवर आकारलं जात असेल, तर हप्ता चार दिवस आधी किंवा नंतर गेल्यानं अशा कर्जात काही फरक पडत नाही. फरक पडतो तो पैसा घराबाहेर जातो तेव्हा.

१० जूनला तसा पैसा गेला. शाळेची फी आणि क्रेडिट कार्डाचं बिल मिळून ४०,००० गेले. व्याज लागणारी रक्कम ३६,२०,००० झाली.

२० जूनला किराणा, गावी आईवडिलांना पाठवायचे पैसे आणि इतर खर्च मिळून ३०,००० गेले. रक्कम ३६,५०,००० झाली आणि महिनाअखेरपर्यंत तीच राहिली.

आता व्याज काढू. पहिले ९ दिवस ३५,८०,०००, पुढचे १० दिवस ३६,२०,००० आणि शेवटचे ११ दिवस ३६,५०,०००. प्रत्येक रकमेला तिच्या दिवसांनी गुणून बेरीज केली, तिला ८ टक्क्यांनी गुणून ३६५ नं भागलं, की जूनचं व्याज येतं २३,७९६ रुपये.

हेच कर्ज खात्याशी जोडलेलं नसतं, तर ४ दिवस ४० लाखांवर आणि २६ दिवस ३९,६६,५०० वर ८ टक्क्यांनी २६,११० रुपये व्याज लागलं असतं. म्हणजे वाचले २,३१४ रुपये. हप्ता तोच असल्यामुळे ही रक्कम हातात येत नाही, ती मुद्दलात जाते. एरवी त्या हप्त्यातून ७,३९० रुपये मुद्दल फिटलं असतं, ते आता ९,७०४ फिटलं. महिन्यामागून महिने असंच होत गेलं की कर्जाची मुदत आपोआप आखडते. खात्यात सरासरी साडेतीन लाख कायम राहिले आणि व्याजदर बदलला नाही असं धरलं, तर याच दराच्या साध्या कर्जाच्या २४० हप्त्यांऐवजी सुमारे २०६ हप्त्यांत कर्ज संपतं. साडेतीन लाख तेव्हाही खात्यात शाबूत असतात.

शाखेत माहितीपत्रक दाखवताना हिशेब साधारण इथंच थांबतो. पण तो इथं पूर्ण होत नाही.

जादा दराची किंमत

जोडलेल्या कर्जाचा व्याजदर साध्या कर्जापेक्षा बहुधा जास्त असतो. किती जास्त, ते बँकेवर आणि कर्जदारावर अवलंबून असतं. आपण पाव टक्का धरू. म्हणजे याच जोडप्याला साधं कर्ज ७.७५ टक्क्यांनी मिळालं असतं आणि जूनचं व्याज २६,११० नव्हे, तर २५,२९५ रुपये लागलं असतं. खरी तुलना या आकड्याशी करायला हवी. मग वाचलेले २,३१४ रुपये घटून १,४९९ वर येतात.

अजून एक वजावट बाकी आहे. कर्ज साधं असतं, तर बचत खात्यातल्या शिलकीवर बँकेनं व्याज दिलं असतं. जूनमध्ये या खात्यात सरासरी ३,५२,००० रुपये होते. अडीच टक्क्यांनी त्यावर ७२३ रुपये मिळाले असते. तेही सोडावे लागले. आता उरले ७७६ रुपये. वर्षाला नऊ हजार तीनशेच्या आसपास.

जोडपं थोडं चतुर असतं आणि अडीअडचणीचे तीन लाख साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवलेले असते, तर? महिन्याला सुमारे १,६०३ रुपये व्याज आलं असतं. २० टक्क्यांच्या करपट्टीत उपकरासह कर जाऊन हाती १,२७० च्या आसपास राहिले असते. उरलेल्या शिलकीवर बचत खात्याचे शंभरेक रुपये धरले, तर जोडलेल्या कर्जाचा फायदा महिन्याला जेमतेम सव्वाशे रुपयांवर येतो.

२,३१४ आणि सव्वाशे, दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला योजनेचं यंत्र नीट चालतं हे दाखवतो. दुसरा सांगतो, की एवढ्या शिलकीवर ही योजना या घरासाठी फायद्याची नाही आणि तोट्याचीही नाही.

असं होतं कारण पाव टक्क्याचा जादा दर सगळ्या ४० लाखांवर लागतो, आणि बचत होते ती फक्त खात्यात असलेल्या साडेतीन लाखांवर. ४० लाखांवर पाव टक्का म्हणजे वर्षाला १०,००० रुपये. आधी हे दहा हजार भरून निघायला हवेत. त्यापुढे जे उरेल ते आपलं.

किमान किती शिल्लक हवी?

हे कागदावर दोन ओळींत काढता येतं. कर्जाच्या बाकीला जादा दरानं गुणा. आपल्या उदाहरणात ते १०,००० रुपये. मग कर्जाच्या दरातून तोच पैसा दुसरीकडे करानंतर मिळवेल तो दर वजा करा. पैसा एरवी बचत खात्यातच पडून राहणार असेल, तर आठ वजा अडीच म्हणजे साडेपाच टक्के. दहा हजारांना साडेपाच टक्क्यांनी भागलं की उत्तर येतं सुमारे १,८२,०००. वर्षभर सरासरी एवढी शिल्लक राहिली तर ना नफा ना तोटा. तिच्या वरची शिल्लक कमवायला लागते.

पैसा मुदत ठेवीत ठेवण्याची सवय असेल, तर ठेवीचा करानंतरचा दर सव्वापाच टक्क्यांच्या जरा खाली येतो. आठमधून तो वजा केल्यावर २.८५ टक्के उरतात आणि लागणारी शिल्लक साडेतीन लाखांवर जाते. आपल्या जोडप्याचा फायदा जवळपास शून्यावर का आला, ते यातून कळतं. त्यांची शिल्लक नेमकी याच काठावर आहे.

जादा दर अर्धा टक्का असेल तर हे दोन्ही आकडे दुप्पट होतात, ३ लाख ६४ हजार आणि ७ लाख. म्हणजे पैसा निव्वळ बचत खात्यात ठेवणाऱ्यालाही साडेतीन लाखांच्या शिलकीवर थोडा तोटाच होईल. म्हणून बँकेत विचारायचा पहिला प्रश्न, ‘या योजनेत व्याज किती वाचतं?’ हा नाही. ‘माझ्यासारख्या ग्राहकाला तुमच्याच साध्या गृहकर्जाचा दर किती आणि या कर्जाचा किती?’ हे विचारा. रेपो दर बदलला की दोन्ही कर्जांचे दर हलतात, पण मंजुरीपत्रातला त्यांच्यातला फरक बहुधा तसाच राहतो.

आता याच जोडप्याच्या खात्यात आणखी ७ लाख आले असं समजा. बोनस, गावाकडच्या जमिनीचे पैसे किंवा वडिलांच्या निवृत्तीची काही रक्कम. जादा दराचे दहा हजार आधीच्या शिलकीनं भरून काढलेले आहेत. त्यामुळे या सात लाखांवर ८ टक्क्यांनी वर्षाला ५६,००० रुपये व्याज वाचेल. वाचलेलं व्याज हे उत्पन्न नसल्यानं त्यावर कर नाही. तेच सात लाख साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत ठेवले, तर करानंतर छत्तीस हजार मिळतील. वीस हजारांचा फरक सरळ खिशात. पैसा मुदत ठेवीसारखा अडकतही नाही.

म्हणूनच ज्यांच्याकडे मोठी रक्कम येत-जात राहते, त्यांना ही योजना मानवते. व्यापाऱ्याकडे दिवाळीनंतर आलेला पैसा मार्चमध्ये माल भरेपर्यंत मोकळा असतो. डॉक्टर किंवा सल्लागार आगाऊ कर आणि जीएसटीचे पैसे बाजूला ठेवतात. परदेशी नोकरी करणाऱ्याचे वर्षातून दोनदा मोठे पैसे येतात. हा पैसा कर्जात भरून टाकता येत नाही, कारण तो पुढे लागणारच असतो. जोडलेल्या खात्यात मात्र तो असेल तितके दिवस व्याज वाचवतो.

मग सरळ कर्जच का फेडू नये?

हा प्रश्न रास्त आहे. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्यास दंड घेऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा बँकांना २०१२ पासून आदेश आहे. म्हणजे ७.७५ टक्क्यांच्या साध्या कर्जात तीन लाख फुकट भरता येतात. व्याज तेवढंच वाचतं आणि जादा दरही पडत नाही. निव्वळ व्याजाच्या हिशेबात हाच मार्ग सरस आहे.

फरक एवढाच, की भरलेला पैसा परत मागता येत नाही. नोकरी गेली किंवा शस्त्रक्रिया निघाली, तर नवं कर्ज काढावं लागतं. वैयक्तिक कर्जाचा दर गृहकर्जापेक्षा बराच चढा असतो, आणि नोकरी गेलेल्याला ते मिळणंही कठीण. म्हणून जोडलेल्या कर्जाचे वर्षाचे दहा हजार हे खरं तर पैसा परत काढता येण्याच्या सोयीचे आहेत. जो पैसा पुन्हा लागणार नाही अशी खात्री आहे, तो साध्या कर्जात भरावा. जो लागू शकतो, त्याच्यासाठी ही सोय. आणि असा पैसा थोडा असेल, तर दहा हजार मोजण्याइतकं काम तो करतो का, ते वरच्या दोन ओळींनी तपासावं.

या सोयीची दुसरी बाजूही आहे. खात्यात दहा लाख दिसले की गाडी घ्यावीशी वाटते. पैसा निघाला, की व्याज पुन्हा चढतं आणि जादा दर मात्र चालूच राहतो. शिवाय एवढी रक्कम डेबिट कार्ड आणि यूपीआयच्या टप्प्यात असणं धोक्याचं आहे. या खात्याचं कार्ड न घेणं, यूपीआय दुसऱ्या छोट्या खात्याशी जोडणं आणि रोजच्या व्यवहाराची मर्यादा कमी ठेवणं हे उपाय सोपे आहेत.

कराचा परिणाम

खात्यात ठेवलेली शिल्लक म्हणजे मुद्दलाची परतफेड नव्हे. त्यामुळे तिच्यावर मुद्दलासाठीची करसवलत मिळत नाही. हप्त्यातून प्रत्यक्ष फिटलेलं मुद्दलच मोजलं जातं.

व्याज कमी भरलं तर व्याजावरची सवलतही कमी होईल, ही भीती मात्र बऱ्याचदा निराधार ठरते. स्वतः राहत असलेल्या घरासाठी जुन्या करपद्धतीत वर्षाला २ लाखांपर्यंतच व्याज वजा मिळतं. ४० लाखांच्या कर्जावर पहिल्या वर्षी तीन लाखांहून अधिक व्याज जातं. कर्ज एकाच्याच नावावर असेल, तर वाचलेले पंचवीस-तीस हजार सवलतीबाहेरच्या रकमेतूनच वाचतात आणि सवलत पूर्ण मिळते. पती-पत्नी दोघेही कर्जदार आणि घराचे मालक असून दोघेही वेगवेगळी सवलत घेत असतील, तर मात्र वाचलेल्या व्याजाबरोबर थोडी सवलतही जाते. नव्या करपद्धतीत अशा घराच्या व्याजावर सवलतच नाही. तिथं वाचलेला प्रत्येक रुपया पूर्ण वाचतो.

पहिल्या महिन्याचा उतारा तपासा

या योजनेत सर्वांत जास्त पैसा जातो तो एका साध्या चुकीनं. कर्ज मंजूर होतं, बचत खातंही उघडतं, पण यंत्रणेत दोघांची जोडणी झालेली नसते. ग्राहक पगार आणि शिल्लक निष्ठेनं त्या खात्यात ठेवतो, आणि व्याज मात्र पूर्ण बाकीवर लागत राहतं. दरही जादाच असतो. हे शोधायला पहिल्या महिन्याचा उतारा पुरे. आपल्या उदाहरणात व्याज २३,८०० च्या आसपास असायला हवं. २६,१०० दिसलं तर जोडणी नाही असं समजावं आणि लेखी तक्रार करावी.

दर महिन्याला ताळा करण्यासाठी एकच आकडा लक्षात ठेवला तरी चालतो. ८ टक्क्यांच्या दरानं एक लाख रुपये एक दिवस खात्यात राहिले, तर सुमारे २१ रुपये ९२ पैसे वाचतात. सरासरी शिल्लक साडेतीन लाख आणि दिवस ३०, म्हणजे २,३०० च्या आसपास. उताऱ्यातला आकडा याच्या जवळ आला की झालं.

सही करण्याआधी मंजुरीपत्रात आणखी काही गोष्टी वाचाव्यात. दिवसअखेरची शिल्लक धरतात की दुसरं काही? शिलकीचा पूर्ण भाग वजावटीला धरतात की काही मर्यादेपर्यंतच? जोडलेलं खातं चालू खातं असेल, तर किमान शिल्लक किती आणि ती मोडल्यास आकार किती? पुढे साध्या कर्जावर यायचं झालं तर शुल्क किती? ओव्हरड्राफ्ट प्रकारात आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. तिथं पैसे काढण्याची मर्यादा दर महिन्याला फिटलेल्या मुद्दलाएवढी खाली येते. म्हणजे हप्त्यातून भरलेलं मुद्दल परत काढता येत नाही, स्वतःहून ठेवलेला जादा पैसाच काढता येतो.

ही योजना काही वर्षांनी पुन्हा तपासावी लागते. कर्ज फिटत जातं तसा जादा दराचा बोजा हलका होतो. बाकी २० लाखांवर आली की पाव टक्क्याचे दहा हजार पाच हजारांवर येतात आणि लागणारी किमान शिल्लकही निम्मी होते. म्हणजे सुरुवातीला जेमतेम काठावर असलेलं घर पुढे फायद्यात येऊ शकतं. उलट एके दिवशी शिल्लक कर्जाच्या बाकीपेक्षा जास्त झाली, तर त्या जादा भागावर ना व्याज वाचतं, ना मिळतं. तो भाग त्याच दिवशी मुदत ठेवीत हलवावा, किंवा पैसा लागणार नसेल तर कर्ज चुकतं करून घराची कागदपत्रं सोडवून आणावीत.